पत्रलेखन : बंद पडलेल्या पेजसाठी तक्रार पत्र



दहावीच्या उपयोजित लेखनात आपण मुलांकडून रोपांची मागणी, पुस्तकांची मागणी, शुभेच्छा अशी पत्रं लिहून घेतो. मुलंही साचा पाठ करतात. यंदा मात्र एक खरंखुरं पत्र वर्गात आलं. माझ्या एका विद्यार्थिनीची आई शिवणकाम करते. छोटंसं दुकान, हाताखाली दोन बायका. दिवाळीच्या तोंडावर समाजमाध्यमावरचं दुकानाचं पेज अचानक बंद झालं. ताई शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सर, तीनदा कळवलं, कोणी दाद देत नाही. तुम्ही जरा नीट लिहून द्या ना."

त्यांनी कळवलेला मजकूर मोबाईलवर पाहिला. तो असा होता :

"आमचं पेज विनाकारण बंद केलं आहे. ऐन सणात गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. आम्ही काहीही चूक केलेली नाही. लवकरात लवकर पेज चालू करा."

दुःख खरं आहे. पण पत्र वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. कोणतं पेज, कधी बंद झालं, कारण काय दाखवलं, यातलं काहीच त्याला कळत नाही. वर्गात हा मजकूर फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "यातून पेज शोधता येईल का?" मुलं लगेच 'नाही' म्हणाली.

आधी कारण वाचा

पेज बंद करताना पडद्यावर सूचना येते. घाबरलेला माणूस ती न वाचताच 'ओके' दाबतो. सुदैवाने ताईंच्या मुलीने तिचा स्क्रीनशॉट ठेवला होता. कारण दिलं होतं : नक्कल मालाची विक्री. ताई म्हणाल्या, "अहो, मी माल विकतच नाही. गिऱ्हाइकाचं कापड, माझी शिलाई!"

मग आम्ही जुन्या पोस्ट आठवून पाहिल्या. मुलीने नेटवरून एका नटीचा फोटो घेऊन खाली एका प्रसिद्ध फॅशन कंपनीचं नाव टाकलं होतं आणि लिहिलं होतं, "सेम टू सेम कॉपी मिळेल, फक्त 850 रुपयांत." अशा तीन पोस्ट होत्या. शिवणाऱ्याच्या बोलण्यात 'कॉपी' म्हणजे तशा गळ्याचा, तशा बाहीचा ब्लाउज. पण कंपनीचं नाव, 'कॉपी' हा शब्द आणि किंमत एकत्र आली की तपासणाऱ्याला ती नकली मालाची जाहिरात वाटते. म्हणजे 'विनाकारण' हा शब्द पत्रातून काढणं भाग होतं. एवढी एक गोष्ट कबूल केली आणि पत्राचा सूरच बदलला.

पत्र कोणाला?

ॲपमधलं 'पुन्हा तपासा' हे बटण पहिली पायरी. ते एकदाच दाबावं. तीच तक्रार रोज नव्याने पाठवली की कोणती खरी धरायची याचा गोंधळ होतो. त्याने काम झालं नाही तर पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याला. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 नुसार समाजमाध्यम कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचं नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असतील तर हा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. निकालासाठी 2021 च्या मूळ नियमात 15 दिवस होते. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून चालू मुदत पाहून घ्यावी.

वर्गाने मिळून तयार केलेलं पत्र पुढे देत आहे. नावं परीक्षेप्रमाणे अ. ब. क. ठेवली आहेत.

> दिनांक : 4 ऑक्टोबर
>
> प्रति,
> मा. तक्रार निवारण अधिकारी,
> (कंपनीचे नाव)
>
> विषय : शिवणकाम दुकानाचे बंद केलेले पेज पुन्हा तपासण्याबाबत.
>
> महोदय,
>
> माझ्या दुकानाचे पेज 2 ऑक्टोबर रोजी सायंकाळी 7.40 वाजता बंद करण्यात आले. 'नक्कल मालाची विक्री' असे कारण दाखवले आहे. पेजचा पत्ता, सूचनेचा क्रमांक व सूचनेचे छायाचित्र सोबत जोडले आहे.
>
> मी तयार माल विकत नाही. ग्राहकांनी आणलेल्या कापडाचे ब्लाउज व परकर-पोलकी शिवून मी फक्त शिलाई घेते. कोणत्याही कंपनीचे लेबल लावत नाही.
>
> आमच्या तीन पोस्टमध्ये एका कंपनीचे नाव व 'कॉपी' हा शब्द होता, तसेच नेटवरील छायाचित्र वापरले होते. ही आमची चूक आहे. पेज उघडताच त्या पोस्ट मी काढून टाकीन. यापुढे स्वतः शिवलेल्या कपड्यांचीच छायाचित्रे टाकीन.
>
> दिवाळीच्या 26 ऑर्डरींची मापे व पत्ते पेजवरील संदेशांतच आहेत. प्रत्येकी 200 रुपयांप्रमाणे 5,200 रुपये आगाऊ घेतले आहेत.
>
> माझ्या दोन विनंत्या आहेत :
> 1. पेजची पुन्हा तपासणी व्हावी.
> 2. तपासणीस वेळ लागणार असेल, तर संदेश उतरवून घेण्याची सोय द्यावी.
>
> आपली विश्वासू,
> अ. ब. क.
>
> सोबत : सूचनेचे छायाचित्र, उद्यम नोंदणी प्रमाणपत्र, दुकानाच्या पाटीचा फोटो, शिलाईच्या दोन पावत्या.

मुलांना दाखवण्याजोग्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट क्रमाची. काही फॉर्ममध्ये शब्दमर्यादा असते, म्हणून पेज, तारीख आणि कारण पहिल्याच परिच्छेदात आलं. सणाची अडचण चौथ्या परिच्छेदात, तीही आकड्यांत आली. एका मुलाने विचारलं, "सर, 'पोटावर पाय' का काढलं? ते तर छान होतं." मी म्हटलं, हे पत्र भाषांतर होऊन वाचलं गेलं तर तिथे खरोखरच पोट आणि पाय दिसतील. 26 ऑर्डरी मात्र कोणत्याही भाषेत 26 च राहतात.

दुसरी गोष्ट पत्रात काय नसावं याची. पासवर्ड आणि ओटीपी कधीच लिहू नये. ओळखपत्र मागितलंच तर आधारची फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्यावी. पेज बंद झाल्याचं चारचौघांत लिहिलं की "आम्ही कंपनीकडून बोलतोय, पैसे भरा, पेज चालू करतो" असे संदेश येतात. ताईंनाही आला होता. तो फसवणुकीचा होता.

निकाल पटला नाही तर तो कळल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. तिचं संकेतस्थळ gac.gov.in. मात्र सण तोंडावर असताना या वाटेवर विसंबून राहता येत नाही, हेही पालकांना सांगायला हवं.

ताईंचं पेज 12 ऑक्टोबरला उघडलं. तोवर त्यांनी फोनमधल्या पैशांच्या नोंदींवरून 19 गिऱ्हाइकं शोधून मापं पुन्हा घेतली होती. उरलेली सात संदेशांतून सापडली, पण त्यातल्या दोघींनी दुसरीकडे शिवून घेतलं होतं. त्यांचे 400 रुपये ताईंनी परत केले. आता मापं वहीत लिहिली जातात आणि ती वही त्यांची मुलगी सांभाळते.

स्वाध्याय : तुमच्या घरातील किंवा ओळखीच्या व्यक्तीची एक खरी तक्रार घ्या. आधी मिळालेली सूचना जशीच्या तशी उतरवा, मग तिच्यातील कारणाला उत्तर देणारे पत्र लिहा.