स्क्रीनशॉटमधली ‘ejkBh’ वाचता येईल अशी मराठी कशी करायची?



मागच्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेच्या वेळी आमच्या ग्रुपवर एका सहकाऱ्याने एक स्क्रीनशॉट टाकला. जुन्या संगणकावरची यादी त्यांनी मोबाईलवर उघडली होती आणि मराठीच्या जागी सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. "कुणाला वाचता येतंय का?" असं खाली लिहिलेलं. मी म्हटलं, मी करून देते. भराभर टाइप केलं, कन्व्हर्टरमध्ये टाकलं, यादी तयार! दुसऱ्या दिवशी त्या सरांचा फोन आला, "मॅडम, आमच्या साक्षीचं नाव ‘पक्षी’ झालंय."

हसू आलं, पण पोटात गोळाही आला. ते नाव तसंच पुढे गेलं असतं तर मुलीच्या प्रवेशपत्रावर ‘पक्षी’ छापून आलं असतं. चूक कन्व्हर्टरची नव्हती, माझी होती. ती कशी झाली आणि तुमची होऊ नये म्हणून काय करायचं, ते आज बघूया.

अक्षरं अशी का दिसतात?

संगणक अक्षर साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, कान्यालाही स्वतःचा आहे. पण युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टनी वेगळी युक्ती केली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवला, फक्त त्या जागी चित्र मराठीचं काढलं. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी `k` च्या जागी काना काढलेला आहे, `e` च्या जागी म. फॉन्ट असेल तर `ejkBh` हे ‘मराठी’ दिसतं. मोबाईलमध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून खालची मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त त्याचा मुखवटा निघालेला असतो.

पायरी 1 : फॉन्ट ओळखा

प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी, म्हणून आधी कुटुंब ओळखावं लागतं. त्यासाठी ‘आहे’ हा शब्द शोधा, कारण तो मराठी मजकुरात हमखास असतो.

```
vkgs      कृतिदेव
Amho      श्रीलिपी
```

मजकुरात जागोजागी `Ö` दिसत असेल तर तो बहुधा आयएसएमबरोबर येणारा योगेशसारखा फॉन्ट असतो, तिथे `Ö` हा काना असतो. ‘आहे’ सापडला नाही तर ‘आणि’ शोधा, कृतिदेवमध्ये तो `vkf.k` असा दिसतो. आपण आज कृतिदेवचंच उदाहरण घेऊ.

पायरी 2 : जसंच्या तसं टाइप करा

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र, त्यातून कॉपी होत नाही. म्हणून सगळ्यात आधी मूळ फाइल मिळते का ते विचारा. मिळाली तर ही पायरी वाचते. नाही मिळाली तर दिसतं ते हाताने टाइप करावं लागतं आणि माझी चूक इथेच झाली. ही तीन अक्षरं नीट बघा :

```
l   छोटा एल        = स
I   मोठा आय        = अर्धा प
|   उभी रेघ        = द्य
```

बऱ्याच मोबाईलवर ही तिन्ही नुसती उभी काडीच दिसतात. यादीत `lk{kh` होतं. स, काना, क्षी, म्हणजे साक्षी. मी पहिली काडी मोठा आय समजून `Ik{kh` टाइप केलं. अर्धा प आणि त्यापुढची उभी रेघ मिळून पूर्ण ‘प’ होतो, पुढे ‘क्षी’. झालं ‘पक्षी’! शब्द शुद्ध मराठी, त्यामुळे शुद्धलेखन तपासणीलाही काही कळलं नाही.

चित्रातून अक्षरं वाचणारं ॲप वापरलं तर काम सोपं होईल असं वाटतं, पण ते इंग्रजी शब्द शोधायला बसलेलं असतं. ‘विद्या’ हे नाव कृतिदेवमध्ये `fo|k` असं असतं. ॲप ते खुशाल `folk` असं वाचतं, कारण तसा इंग्रजी शब्द आहे. आणि `folk` चं रूपांतर होतं ‘विसा’. पाच-दहा ओळींसाठी हाताने टाइप केलेलंच बरं.

दुसरा घोटाळा लहान-मोठ्या लिपीचा. c, o, p, s, u, v, w, x, z ही अक्षरं लहान आणि मोठी सारखीच दिसतात, फरक फक्त उंचीचा. पण अर्थ पार बदलतो. `s` म्हणजे एक मात्रा, `S` म्हणजे दोन मात्रा. `v` म्हणजे अ, `V` म्हणजे ट. `z` म्हणजे ‘प्र’मधला खालचा र, `Z` म्हणजे वरचा रफार. मग उंची ओळखायची कशी? शेजारचा `k` बघा. काना जवळपास प्रत्येक शब्दात असतो, म्हणून मोजपट्टी कायम हाताशी असते. संशयाचं अक्षर `k` च्या उंचीला पोचत असेल तर ते मोठं, बरंच खाली राहत असेल तर लहान. स्क्रीनशॉट मोठा करून बघा, लगेच कळतं.

टाइप करताना संगणकावरचं नोटपॅड वापरा. मोबाईलचा कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, मग ‘मराठी’चं ‘म्राठी’ होतं. वर्डमध्ये टाइप केलं तर सरळ अवतरणचिन्ह वाकडं होतं. कृतिदेवमध्ये सरळ `'` म्हणजे अर्धा श आणि `"` म्हणजे अर्धा ष, त्यामुळे ती सरळच राहायला हवीत.

पायरी 3 : रूपांतराआधी एकदा पडताळा

टाइप केलेला मजकूर वर्डमध्ये पेस्ट करा, निवडा आणि फॉन्ट `Kruti Dev 010` करा. मुखवटा परत चढतो आणि मजकूर मराठीत दिसतो. हे अजून युनिकोड नाही, पण तुमचं टाइपिंग बरोबर आहे का ते इथेच कळतं. पुढे चूक निघाली तर ती टाइपिंगची की कन्व्हर्टरची, हा गोंधळ राहत नाही.

पायरी 4 : रूपांतर, एका वाक्यावर

```
f'k";o`Ùkh ijh{kslkBh fo|kF;kZaph ukos 'kfuokji;Zar ikBokohr-
```

पहिला शब्द हाताने सोडवूया. `f` म्हणजे पहिली वेलांटी, `'k` म्हणजे श, `"` अर्धा ष, `;` य, `o` व, मग उलटं टिंब दिसतं ते ऋकाराचं चिन्ह, `Ùk` म्हणजे त्त, `h` दुसरी वेलांटी. शब्द झाला ‘शिष्यवृत्ती’.

इथे एक गोष्ट लक्षात आली का? `f` अक्षराच्या आधी आहे. जुना फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवतो, डावीकडची वेलांटी आधी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं, आधी श, मग वेलांटी. म्हणून कन्व्हर्टरला `f` उचलून पुढे न्यावा लागतो आणि तोही पूर्ण जोडाक्षर ओलांडून. `fLFkrh` म्हणजे ‘स्थिती’. कच्चा कन्व्हर्टर वेलांटी पहिल्या अर्ध्या अक्षरालाच चिकटवतो, मग ‘सि्थती’ असं काहीतरी होतं.

रफाराचं उलटं. `F;kZa` मध्ये `Z` शेवटाकडे आहे, पण उच्चारात र आधी येतो. तो मागे काना, य आणि अर्धा थ ओलांडून न्यावा लागतो, तेव्हा ‘र्थ्यां’ होतं. एकच अक्षर मागे नेलं तर ‘विद्याथ्र्यांची’ होतं. हा शब्द तुम्ही काही संकेतस्थळांवर नक्की पाहिला असेल, तो असा तयार होतो.

पूर्ण वाक्य असं निघतं :

शिष्यवृत्ती परीक्षेसाठी विद्यार्थ्यांची नावे शनिवारपर्यंत पाठवावीत.

शेवटचा `-` हा पूर्णविराम झाला बघा. कृतिदेवमध्ये तो तसाच असतो. म्हणून वेळ `11-30` दिसली तर ती ‘11.30’ आहे.

आणखी एक. परिपत्रकात खरे इंग्रजी शब्दही असतात. ते रूपांतराआधी बाजूला काढा. `PDF` तसंच ठेवलं तर कन्व्हर्टर त्याचं ‘च्क्थ्’ करून देतो.

पायरी 5 : शेवटची तपासणी

रूपांतर झाल्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, मजकुरात टिंबांचं गोल वर्तुळ दिसतं का? दिसलं तर तिथे मात्रा किंवा वेलांटी निराधार पडली आहे. दुसरी, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ असे शब्द. इथे मराठीतला अर्धचंद्रासारखा र लागतो, पण हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर ‘दुसर्या’ असा रफार देऊन टाकतात. ते हाताने ‘ऱ्या’ करा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, माणसांची नावं. वाक्यातला चुकलेला शब्द मागच्या-पुढच्या शब्दांवरून लक्षात येतो, नावाला असा आधार नसतो. म्हणून प्रत्येक नाव जनरल रजिस्टरशी किंवा त्या वर्गशिक्षकांशी पडताळूनच पुढे पाठवा. मी त्या दिवशी सरांना फोनवर सगळी यादी वाचून दाखवली, तेव्हा ‘विद्या’ची ‘विसा’ झालेलीही सापडली. काडी वाचण्यात मी तिथेही चुकले होते.

तुमच्यासाठी सराव

खालची ओळ आधी स्वतः सोडवा, मग उत्तर बघा.

```
'kkGk ldkGh 7-30 oktrk Hkjsy-
```

उत्तर : शाळा सकाळी 7.30 वाजता भरेल.

यात `G` म्हणजे ळ, `t` म्हणजे ज आणि `Hk` म्हणजे भ. ‘सकाळी’मधली पहिली काडी तुम्ही कोणती धरली होती, तेवढं मात्र एकदा परत बघा.