प्रसूतीनंतरचे वजन : हिशेब कोठून धरावा?

मोपा परिसरातील बाळंतीण सहाव्या महिन्यात तपासणीस आली की तिचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "डॉक्टर, वजन कधी उतरणार?" उत्तरापूर्वी मी तिचे गरोदरपणाआधीचे वजन विचारतो. आजच्या वजनातून ते वजा केले की जे उरते, तेच खरे शिल्लक वजन.

उदाहरणादाखल, गरोदरपणापूर्वी ५० किलो, सोळाव्या आठवड्यात नावनोंदणीवेळी ५२ आणि प्रसूतीपूर्वी ६२ किलो असे वजन समजू. बाळ, वार, गर्भजल व रक्त मिळून प्रसूतीसमयीच सुमारे पाच-सहा किलो उतरतात. पुढे शरीरातील जादा पाणी निघून जाते. सहा आठवड्यांनी वजन ५५ भरले, तर शिल्लक पाच किलो. सहा महिन्यांनी ५२ भरले, तर दोन किलो. मात्र कार्डावरील ५२ हाच आधार मानला, तर शिल्लक शून्य दिसते आणि ते दोन किलो पुढील बाळंतपणाच्या हिशेबात न दिसता मिसळतात.

मूळ वजनाकडे परतण्यास सामान्यतः सहा ते बारा महिने लागतात. वर्षअखेरीस एक-दोन किलो उरणे नेहमीचेच. पाच किलो वा अधिक उरल्यास आहार, झोप व हालचाल यांची चौकशी करावी. उतरते वजन काही महिन्यांनी थकवा व बद्धकोष्ठतेसह पुन्हा वाढू लागले, तर थायरॉईडची रक्ततपासणी अवश्य करावी.

जी स्त्री आधीपासूनच कृश आहे, तिच्यासाठी मात्र जुने वजन हे उद्दिष्ट मानू नये.