जुनी सायकल फोटोवरून पारखताना



विकाऊ जुन्या सायकलच्या फोटोत आधी फ्रेमचा गंज पाहावा, मग टायर आणि शेवटी चेन. हा क्रम दुरुस्तीवरून ठरतो. टायर आणि चेन बदलता येतात, त्यामुळे त्यांचा दोष हा पैशांचा प्रश्न असतो. फ्रेम आतून कुजली असेल तर मात्र बाकीचे सारे भाग नवे असूनही सायकल घेण्याजोगी राहत नाही. सायकलचे जवळजवळ सगळे उघड्यावर असल्याने फोटोवरून बरेच कळू शकते, मात्र योग्य फोटो मागता आले पाहिजेत.

विकणारा बहुधा सायकल डाव्या बाजूने उभी करून एक छान फोटो काढतो. चेन, पुढचे चेनव्हील, मागचे फ्रीव्हील आणि गिअर उजव्या बाजूला असतात, म्हणजे पाहण्यासारखे नेमके तेच या फोटोत येत नाही. पाणी मारून ओली असताना फोटो काढलेली सायकलही फसवते. पाण्याने उन्हात विटलेले रबर काळेभोर दिसते आणि गंजाचा तांबूस रंग दबतो. पिवळ्या दिव्याखाली याच्या उलट होते, साधी धूळही गंजासारखी भासते. म्हणून सायकल कोरडी असताना, दिवसाच्या उजेडात पण सावलीत काढलेले फोटो मागावेत.

गंज दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींत फरक करता आला पाहिजे. बोल्ट, स्पोक, कॅरिअर यांवर दिसणारा नारिंगी थर बहुतेक वेळा वरवरचा असतो आणि घासला की निघतो. दुसरा गंज रंगाखाली वाढतो. लोखंड गंजले की जास्त जागा व्यापते, त्यामुळे वरचा रंग उचलला जातो आणि फोड आल्यासारखा दिसतो. सीटच्या नळीतून आत शिरलेले पाणी खाली पेडलच्या आसाच्या नळीत साचते, म्हणून हा फोड तिथे सर्वांत आधी शोधावा. त्यासाठी सायकल उलटी ठेवून खालच्या बाजूचा फोटो मागावा. हँडलखालच्या नळीला पुढच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात तो सांधाही जवळून पाहावा. तिथे केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली, तर ती तडा असण्याची शक्यता धरून सायकल सोडून द्यावी. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तांबूस गंज येत नाही, तिच्यावर पांढरट भुकटी धरते आणि रंग फुगतो. फ्रेम कशाची आहे हे फोटोवरून कळत नसेल तर विकणाऱ्याला लोहचुंबक लावून पाहायला सांगावे. चिकटला तर लोखंड.

टायरचा फोटो समोरून हवा, म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा दिसतो. कडेच्या गुट्ट्या टोकदार आणि मधला पट्टा सपाट, गुळगुळीत असेल तर टायर बराच घासला आहे. मागच्या टायरवर वजन जास्त असते आणि जोरही त्यालाच लागतो, म्हणून तो आधी झिजतो. पुढचाच टायर जास्त झिजलेला दिसला तर दोन्हींची अदलाबदल झाली असावी. याशिवाय बाजूच्या भिंती पाहाव्यात. सायकल हवा न भरता महिनोन्महिने उभी राहिली किंवा उन्हात पडून राहिली की तिथे बारीक भेगा पडतात. भेगांतून आतले धागे दिसू लागले किंवा कुठे फुगवटा आला, तर मधली नक्षी कितीही चांगली असली तरी तो टायर बाद समजावा. याच फोटोत भिंतीवरचा आकडा, उदाहरणार्थ 26 × 1.95, वाचता आला तर नव्या टायरचा भाव आधीच विचारून ठेवता येतो.

चेनच्या बाबतीत डोळा सर्वांत जास्त फसतो. गंजलेली चेन वाईट दिसते, पण गंज बाहेरच्या पट्ट्यांवरच असेल तर ती साफ करून, तेल देऊन चालते. उलट स्वच्छ, तेलाने चकचकणारी चेन पूर्ण झिजलेली असू शकते. चेन लांबते म्हणतात तेव्हा तिच्या पट्ट्या ताणलेल्या नसतात, कड्यांतल्या पिना आणि त्यांची भोके झिजलेली असतात. ही झीज पोलादी पट्टीने मोजता येते. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असते, म्हणून नव्या चेनमध्ये 24 टप्पे बरोबर 12 इंच भरतात. चेनच्या वरच्या ताणलेल्या भागावर पट्टी धरून शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायला सांगावे आणि 12 इंचाच्या खुणेजवळचा फोटो अगदी समोरून काढायला सांगावा. तिरका फोटो चुकीचे माप दाखवतो. शेवटची पिन खुणेपलीकडे 1/16 इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली. 1/8 इंच गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही तिच्याबरोबर झिजलेले असणार, आणि अशा दात्यांवर नवी चेन जोर दिला की घसरते.

समजा, रत्नागिरीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली गिअरची लोखंडी सायकल 6,000 रुपयांना विकायला आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे स्पोक आणि हँडलचे बोल्ट नारिंगी झाले आहेत. उलट्या सायकलच्या फोटोत आसाच्या नळीवरचा रंग खरचटलेला दिसतो, फोड मात्र नाहीत, म्हणून फ्रेम तूर्त ठीक धरावी. मागच्या टायरचा मधला पट्टा गुळगुळीत असून भिंतींवर भेगा आहेत, पुढचा चांगला आहे. चेनची पिन खुणेपलीकडे 1/8 इंच गेली आहे. दुकानदाराने टायर-ट्यूबचे 700, चेन आणि फ्रीव्हीलचे 1,100 आणि मजुरीचे 300 सांगितले तर खर्च 2,100 होतो. म्हणजे या सायकलला 3,900 च्या वर मोल नाही, आणि घासाघीस त्याच्याही खालून सुरू करावी. आसाच्या नळीवर फोड दिसले असते तर ही वजाबाकी मांडण्याचे कारणच उरले नसते.

फोटोवरून सायकल नाकारता येते किंवा तिचा भाव ठरवता येतो. पैसे मात्र ती प्रत्यक्ष पाहिल्यावरच द्यावेत, कारण काही दोष फोटोत येत नाहीत. सीटची दांडी वर-खाली होते का ते पाहावे, कारण गंजाने ती नळीत घट्ट बसू शकते. पेडल उलटे फिरवून चेन मागच्या गिअरच्या छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी वाकडीच राहते का ते बघावे. तशी राहिली तर गंज कडीच्या आत शिरला आहे. मग थोड्या चढावर उभे राहून पेडल मारावे, म्हणजे झिजलेल्या दात्यांवरून चेन घसरत असेल तर लगेच कळते. शेवटी फ्रेमवर कोरलेला नंबर, जो बहुधा आसाच्या नळीखाली असतो, बिलावरच्या नंबराशी ताडून पाहावा. नंबर खरवडलेला असेल तर व्यवहार करू नये.