सिंपथी की एम्पथी? ग्राहकाला उत्तर देताना होणारी गल्लत



सिंपथी म्हणजे सहानुभूती, हे आपण शाळेत पाठ केलं. मग एम्पथी म्हणजे काय? तीही सहानुभूतीच वाटते ना? गोंधळ इथेच होतो. 'सह-अनुभूती'चा शब्दशः अर्थ सोबत अनुभवणं, पण बोलताना आपण तो शब्द कळवळ्यासाठी वापरतो. सिंपथी म्हणजे तो कळवळा: तुमच्याबद्दल मला वाईट वाटतं. एम्पथी म्हणजे तुमच्या जागी उभं राहून तुम्हाला काय वाटत असेल ते ओळखणं. तिच्यासाठी मराठीत आता 'समानुभूती' हा शब्द वापरतात. इंग्रजीतही एम्पथी तशी नवीनच. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने 1909 मध्ये एका जर्मन शब्दासाठी ती वापरली. त्या जर्मन शब्दाचा अर्थ 'आत शिरून अनुभवणं'.

आता उदाहरण बघू. समजा, तुम्ही पुण्यात लाडू बनवता. बेंगळुरूच्या एका ताईंनी बारशासाठी 40 बॉक्स मागवलेत. त्यांचा मेसेज येतो, "द फंक्शन इज टुमॉरो. माय पार्सल इज स्टिल नॉट हिअर."

पहिलं उत्तर: "आय ॲम सॉरी टू हिअर दॅट." ही सिंपथी. वाक्य सभ्य आहे, चूक काहीच नाही. पण ताईंची अडचण तुम्हाला कळली का, ते त्यातून दिसत नाही.

दुसरं उत्तर: "युअर गेस्ट्स आर कमिंग टुमॉरो. यू मस्ट बी व्हेरी वरीड. आय ॲम कॉलिंग द कुरिअर नाऊ." ही एम्पथी. इथे 'मस्ट' म्हणजे सक्ती नव्हे, अंदाज. 'तुम्ही खूप काळजीत असाल' असा. आणि लगेच 'कुरिअरला फोन करतोय' हे सांगितलंत, म्हणून ते शब्द पोकळ वाटत नाहीत.

ओळखायचं कसं? तुमचं वाक्य जसंच्या तसं दुसऱ्या कुठल्याही ग्राहकाला पाठवता येत असेल, तर ती बहुतेक नुसती सिंपथी आहे. एम्पथीत समोरच्याची नेमकी अडचण येते.

दोन ठिकाणी जपा. "आय नो एक्झॅक्टली हाऊ यू फील" म्हणू नका. त्यांचं नेमकं दुःख तुम्हाला माहीत नसतं, ऐकणारा चिडतो. "आय पिटी यू" तर अजिबात नको, त्यात कीव येते.

मग सिंपथी वाईट का? नाही हो! ग्राहकाच्या घरी कुणी वारलं तर "माय डीपेस्ट सिंपथीज" हेच योग्य. तिथे 'माय एम्पथीज' कुणी म्हणत नाही.

शिवाय एम्पथी दाखवली म्हणजे पैसे परत द्यायलाच हवेत असं नाही. अडचण समजून घेऊनही नियमाप्रमाणे 'नाही' म्हणता येतं.

आजचा गृहपाठ: तुमच्या शेवटच्या तक्रारीला दिलेलं उत्तर काढा आणि 'यू मस्ट बी...' वापरून पुन्हा लिहा.