सोयाबीनचा सरासरी उतारा: किती तुकडे कापावेत आणि खर्च किती धरावा?

धाराशिव जिल्ह्यात कळंब, वाशीपासून उमरग्यापर्यंत खरिपात सोयाबीनच जास्त. शेतकरी उत्पादक कंपनीला गोदाम, बारदाना आणि खरेदीच्या पैशाची सोय काढणीआधीच लावावी लागते. त्यासाठी सभासदांच्या रानात सरासरी उतारा किती पडेल, एवढा एक आकडा हवा असतो. हे काम बाहेरच्या एजन्सीला दिलं की ती ठोक संख्या सांगते: तीस प्रयोग, अमुक रुपये. तीसच का, हे विचारायला हवं. ती संख्या आपल्याला स्वतः काढता येते आणि अनेकदा निम्म्यात काम भागतं.

प्रयोगाची पद्धत सरकारी पीक कापणीसारखीच ठेवावी. चिठ्ठी टाकून शेत निवडायचं, शेतातली जागाही चिठ्ठीनेच ठरवायची, 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वाळवून वजन करायचं. हा तुकडा हेक्टरचा दोनशेवा भाग, म्हणून किलोतल्या वजनाची दुप्पट केली की हेक्टरी क्विंटल मिळतात. खर्च वाचवायला तुकडा लहान करू नये. साताऱ्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिलं होतं की लहान तुकड्यात कडेची झाडं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो. आजच्या पीक कापणी पद्धतीचा पाया त्यांच्या आणि वि. गो. पानसे यांच्या कामात आहे.

आता संख्येकडे. आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. एक, किती चूक चालेल. समजा हेक्टरी दीड क्विंटल, म्हणजे एकरी साधारण 60 किलो. दोन, खात्री किती हवी. नेहमीची 95 टक्के धरू. तिसरी गोष्ट अडचणीची: उतारा शेतागणिक किती कमी-जास्त होतो, म्हणजे प्रमाण विचलन किती. ते काढणीआधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून थोडे तुकडे आधी कापून त्याचा अंदाज घ्यायचा.

नमुन्यादाखल आठ तुकड्यांची वजनं अशी आली असं धरा: 6.1, 8.4, 7.2, 5.3, 9.0, 7.6, 6.6 आणि 8.2 किलो. सरासरी 7.3 किलो, म्हणजे हेक्टरी 14.6 क्विंटल. प्रमाण विचलन 1.25 किलो, म्हणजे हेक्टरी 2.5 क्विंटल.

पुस्तकातलं सोपं सूत्र 1.96 ला विचलनाने गुणतं, चालणाऱ्या चुकीने भागतं आणि वर्ग करतं. उत्तर 10.67, म्हणजे 11 तुकडे. पण 1.96 हा आकडा खरं विचलन ठाऊक असेल तरच लागू. आपण ते नमुन्यातूनच काढतो, म्हणून अनिश्चितता वाढते आणि 1.96 च्या जागी टी-कोष्टकातला मोठा आकडा घ्यावा लागतो. हे कोष्टक 1908 साली गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांच्या कामातून आलं. त्यांच्यापुढेही थोडक्या नमुन्यांचाच प्रश्न होता.

यात एक पेच आहे. टीचा आकडा तुकड्यांच्या संख्येतून एक वजा करून बघायचा असतो आणि संख्या तर आपण अजून शोधतोय. म्हणून फेऱ्या माराव्या लागतात. 11 तुकडे धरले तर 10 समोरचा टी 2.228, सूत्रात घातला की 13.79, म्हणजे 14. आता 13 समोरचा टी 2.160, उत्तर 12.96, म्हणजे 13. पुन्हा 12 समोरचा टी 2.179; उत्तर 13.19, म्हणजे परत 14. हिशेब 13 आणि 14 मध्ये झुलत राहतो. इथे घाबरायचं कारण नाही. 13 घेतले तर 13.19 लागतात, म्हणजे कमी पडतात. 14 घेतले तर 12.96 लागतात, म्हणजे पुरतात. मोठा आकडा घ्या: 14.

संगणकावर हीच फेरी एका ओळीत होते. 13 च्या जागी दरवेळी नवी संख्या वजा एक टाकत जा.

```
=ROUNDUP((T.INV.2T(0.05,13)*2.5/1.5)^2,0)
```

नुसतं T.INV वापरलं तर एका बाजूचा, लहान आकडा येतो. विचलनासाठीही STDEV.S घ्या. STDEV.P ने याच आठ वजनांचं विचलन 1.17 किलो दिसतं आणि तुकडे कमी सुचतात. एजन्सीची शीट हातात आली की आधी या दोन जागा तपासा.

खर्चाचं बघू. मजुरी, मळणी, वजन आणि गाडीभाडं धरून एका तुकड्याला 900 रुपये असं गृहीत धरा. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो घाला. 14 तुकड्यांचे 12,600 रुपये. चूक एक क्विंटलवर आणायची तर फेऱ्या 27 वर थांबतात: 24,300 रुपये. पाऊण क्विंटल हवी तर 46 तुकडे: 41,400 रुपये. चूक निम्मी केली की खर्च तिपटीहून जास्त वाढतो. म्हणून बारीक आकडा मागण्याआधी विचारा: एकरी 60 किलो इकडे-तिकडे झाल्याने गोदामाचा निर्णय बदलणार आहे का?

आता या पद्धतीची मर्यादा. 2.5 क्विंटलचं विचलन फक्त आठ तुकड्यांवरून काढलंय. खरं विचलन 1.65 पासून 5 पर्यंत कुठेही असू शकतं. ते खरोखर 2.5 असलं, तरी 14 तुकड्यांनंतर 95 टक्के खात्रीचा पट्टा सरासरीच्या दोन्ही बाजूंना ठरवलेल्या दीड क्विंटलपेक्षा रुंद येण्याची शक्यता तिनात एकहून थोडी जास्त असते. ज्यांना पक्कं बांधून हवं, त्यांनी चार्ल्स स्टाइन यांची 1945 ची दोन टप्प्यांची रीत घ्यावी. तीत फेऱ्या नाहीत. पहिल्या आठ तुकड्यांचाच टी, म्हणजे 7 समोरचा 2.365, घ्यायचा, उत्तर 15.54, म्हणजे 16 तुकडे. शेवटचा पट्टा काढतानाही विचलन पहिल्या आठांचंच वापरायचं. उतारे साधारण घंटाकृती विखुरलेले असतील, तर दीड क्विंटलची हमी टिकते. जादा खर्च दोन तुकड्यांचा, 1,800 रुपये. माझ्या मते एवढे पैसे घालावेत.

पहिले आठ तुकडे वाया जात नाहीत, ते एकूण 16 मध्येच धरायचे. मात्र ते चिठ्ठीनेच आलेले हवेत. लवकर आलेल्या वाणाची किंवा रस्त्याकडेची शेतं सोय म्हणून आधी कापली, तर विचलन लहान दिसतं आणि पुढचा सगळा हिशेब फसतो. सोयाबीन पक्व झालं की थांबत नाही, शेंगा फुटतात. त्यासाठी सुरुवातीलाच वीस-पंचवीस शेतांच्या चिठ्ठ्या काढून जागा खुणावून ठेवा, मालकांना सांगून ठेवा आणि चिठ्ठीच्या क्रमाने कापा. उरलेल्या जागांचे पैसे लागत नाहीत. एकाच शेतात दोन तुकडे घेऊन संख्या भरू नका. ते एकमेकांसारखेच निघतात.

ओलाव्याकडेही लक्ष द्या. 18 टक्के ओलाव्याचे 8 किलो म्हणजे 12 टक्क्यांवर 7.45 किलो. काही वजनं ओली, काही वाळलेली असतील तर विचलन उगाच वाढतं आणि तुकडेही. बालाघाटाच्या मुरमाड माळाची आणि काळ्या भारी रानाची शेतं एकत्र असतील, तर दोन गट करून मोजलेलं स्वस्त पडतं.

हा आकडा तुमच्या नियोजनापुरता आहे. पीक विम्याची भरपाई त्यावर ठरत नाही. एजन्सीशी करार करताना प्रयोगांची ठोक संख्या लिहून घेऊ नका. चालणारी चूक, खात्रीची टक्केवारी, पहिल्या टप्प्याचे तुकडे आणि प्रत्येक जादा तुकड्याचा दर, या चार गोष्टी लिहून घ्या आणि सगळ्या तुकड्यांची मूळ वजनं मागून घ्या.