आभाराचा कागद

अगं, देवरायांवरच्या चर्चासत्रासाठी तू केलेली यादी वाचली. सव्वीस नावं, आणि प्रत्येकापुढे ‘यांचे मी मनःपूर्वक आभार मानते’. संध्याकाळी सव्वापाचला हे ऐकायला लागलं, तर मागच्या रांगेतले निबंधवाचक शेवटच्या एसटीसाठी पिशव्या उचलतील. तीन मिनिटं तुझी, त्यापुढची चहाची.

आधी नावांचे दोन ढीग कर. बाहेरून आलेले, म्हणजे बीजभाषक, अध्यक्ष आणि अनुदान देणारे, यांची नावं घ्यायचीच. घरच्या माणसांना मात्र कामाने ओळखायचं. प्राचार्य मंचावर असतात म्हणून त्यांना पहिलं नाव देऊ नकोस. यजमानाचं पान शेवटी वाढतात.

भाषण आदल्या रात्री पुरं लिहू नकोस. पाहुण्यांपुढच्या जागा कोऱ्या ठेव आणि सकाळच्या सत्रात पेन घेऊन बस. प्रत्येकाचं एकच वाक्य टिपायचं. ‘विद्वत्तापूर्ण मार्गदर्शन’ कुणालाही चिकटतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

आता वाक्याची घडण. आपण नाव आधी घेतो, टाळ्या पडतात आणि पुढचं कौतुक त्यात बुडतं. म्हणून काम आधी सांग, नाव शेवटी. असं: ‘देवराईतली वाळकी काडीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा आजीचा नियम ज्यांनी आज आम्हाला जंगलाचा कायदा म्हणून वाचायला शिकवलं, त्या आपल्या बीजभाषक...’ आणि मग नाव. इथे थांब. ‘आभार’ म्हणायचीही गरज उरत नाही.

घरच्यांसाठी: ‘दुपारी वीज गेली, तरी भाषण थांबलं नाही, कारण जनरेटरपाशी आमचे दोन शिपाईमामा सकाळपासून उभे होते. जेवणात पोळ्या कमी पडल्या नाहीत, कारण बी.ए.च्या मुलींनी नोंदणीचे आकडे दर तासाला स्वयंपाकघरात पोचवले.’ दोन वाक्यांत निम्मी यादी संपली. अर्थात वीज गेली तरच हे म्हण. घडेल ते लिही.

‘ऋणातच राहू इच्छिते’ आणि ‘ज्ञात-अज्ञात’ हे दोन्ही शब्द खोड. ज्ञात-अज्ञातात नेमका तोच माणूस जातो ज्याने खुर्च्या उचलल्या. त्यासाठी कागद प्राचार्यांआधी कार्यालयातल्या मोठ्या लेखनिकांना दाखव. कोण राहिलं, हे त्यांना ठाऊक असतं. आडनावांचे उच्चारही ज्याचे त्याला विचार.

एकदा मी न आलेल्याच पाहुण्यांच्या ‘बहुमोल उपस्थिती’बद्दल आभार मानले होते. सभागृह हसलं, मी मात्र पुढची चार नावं वाचत राहिलो, त्यातलेही एक जेवून निघून गेले होते. तेव्हापासून उभं राहण्याआधी पहिल्या रांगेवरून नजर फिरवतो आणि न आलेल्यांच्या नावांवर काट मारतो. निघून गेलेल्यांचं नाव घ्यायचं, पण मंचाकडे बघून नाही.

आणि शेवटी राष्ट्रगीत आहे का, हे विचारून ठेव. असेल तर ‘धन्यवाद’ म्हणून लगबगीने खाली उतरू नकोस. माइकपासून एक पाऊल मागे सरकून तिथेच उभी राहा.