चामडी मोज्यांवरील मसह : मुदत आणि पुरावा

हिवाळ्यात आपल्या छत्रपती संभाजीनगरात पहाटेचा पारा कधीकधी दहा अंशांच्या खाली उतरतो. फजरच्या वुजूसाठी हौजावर बसलेल्या वृद्ध नमाजीची पावले थंड पाण्याने बधिर होतात. शेजारीच कोणी चामडी मोजे न काढता त्यांवरून ओली बोटे फिरवतो आणि उठून सफमध्ये उभा राहतो. पाहणाऱ्या मुलाला प्रश्न पडतो. दिव्य कुरआनात पाय धुण्याची आज्ञा आहे, मग याचे वुजू झाले कसे? हा प्रश्न पोरकट नाही. फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) हाच प्रश्न शतकानुशतके चर्चिला आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजले तर आज सुती व नायलॉनच्या मोज्यांवरून जो वाद चालतो तोही उलगडतो.

वुजूची आज्ञा सूरह अल-माइदाच्या सहाव्या आयतीत आहे. चेहरा व हात धुवावेत, डोक्यावर मसह करावा आणि पाय घोट्यांपर्यंत, असा तिचा क्रम आहे. बहुसंख्य उलमांच्या मते ‘पाय’ हा शब्द धुण्याच्या आज्ञेशी जोडलेला आहे. या शब्दाचे दुसरेही एक मान्य पठन आहे. त्यात तो व्याकरणाने मसहच्या आज्ञेशी जोडला जातो, आणि शिया बांधव त्याच आधारे उघड्या पायांवर मसह करतात. मोज्यांवरचा मसह मात्र ते मानत नाहीत. खारिजींनीही तो नाकारला होता. अहले सुन्नतमधील काहींनी या दुसऱ्या पठनाचा संबंध मोजे घातलेल्या पायांशी लावला आहे. परंतु मोज्यांवरील मसहचा खरा आधार व्याकरण नसून प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे.

तबूकच्या प्रवासात, हिजरी 9 मध्ये, ह. मुगीरा बिन शुअबा (रजि.) प्रेषितांना वुजू करवीत होते. प्रेषितांच्या अंगात अरुंद बाह्यांचा शामी झुब्बा होता. बाह्या वर सरेनात म्हणून त्यांनी हात खालून बाहेर काढून धुतले. ह. मुगीरा मोजे काढण्यासाठी वाकले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना थांबवले. पाय पाक असतानाच आपण मोजे घातले होते, असे सांगून त्यांनी मोज्यांवर मसह केला. हे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

इथे चिकित्सक मनात शंका येते. समजा प्रेषितांनी मोज्यांवर मसह केला, पण तो माइदाची आयत उतरण्यापूर्वी. मग धुण्याच्या आज्ञेने ती सवलत रद्द झाली नसेल कशावरून? वादाचे मूळ याच ‘आधी की नंतर’ या प्रश्नात आहे. तो सुटला ह. जरीर बिन अब्दुल्लाह बजली (रजि.) यांच्या साक्षीने. लघुशंकेनंतर त्यांनी वुजू करून मोज्यांवर मसह केला, आणि कोणी विचारले तेव्हा प्रेषितांना आपण असेच करताना पाहिल्याचे सांगितले. इब्राहीम नखई (रह.) म्हणतात की जाणकारांना ही हदीस विशेष आवडत असे, कारण जरीर (रजि.) यांनी इस्लाम स्वीकारला तोच मुळी माइदा उतरल्यानंतर. त्यांनी जे पाहिले ते आयतीनंतरचेच असणार. एका माणसाच्या इस्लाम स्वीकारण्याच्या काळावर एका मसल्याचा निर्णय टेकावा, हे मला हदीसशास्त्राच्या काटेकोरपणाचे फार सुंदर उदाहरण वाटते.

दुसरी अडचण संख्येची होती. कुरआनच्या स्पष्ट आज्ञेत अपवाद करायचा तर एकदोघांचे कथन हनफी उसूलनुसार पुरत नाही. परंतु येथे कथन करणारे सहाबा इतके आहेत की हसन बसरी (रह.) यांनी सत्तर सहाबांचा उल्लेख केला, आणि इमाम अहमद (रह.) यांना याविषयी चाळीस हदीस ठाऊक होत्या. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी तर, पुरावा दिवसाच्या उजेडासारखा समोर येईपर्यंत आपण या मसहचे मत स्वीकारले नव्हते, असे सांगितल्याचे त्यांच्या अनुयायांनी नोंदवले आहे. काही सहाबांच्या नावे नकाराच्या रिवायती आहेत, मात्र ज्यांचा नकार सांगितला जातो त्यांच्याकडून मान्यताही नोंदलेली आहे, असे अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) यांचे म्हणणे आहे.

आता मुदतीकडे वळू. शुरैह बिन हानी यांनी हजरत आयशा (रजि.) यांना या मसहविषयी विचारले, तेव्हा त्यांनी अलींना विचारा, ते प्रेषितांसोबत प्रवास करीत, असे सुचवले. ह. अली (रजि.) यांनी सांगितले की मुसाफिरासाठी तीन दिवस व तीन रात्री, आणि मुकीमासाठी एक दिवस व एक रात्र. हनफी, शाफई व हंबली यांचा हाच आधार आहे. इमाम मालिक (रह.) यांच्या प्रसिद्ध मतात मुदतीचे बंधन नाही. मुदत नसल्याचे सुचवणारी उबय बिन इमारा (रजि.) यांची एक हदीस आहे, पण ती नोंदवतानाच इमाम अबू दाऊद यांनी तिची सनद भक्कम नसल्याचे म्हटले आहे.

मुदत नेमकी कुठून मोजायची, याविषयी घरोघरी गोंधळ दिसतो. एक उदाहरण घेऊ. किलेअर्कात राहणाऱ्या एका गृहस्थांनी गुरुवारी पहाटे सहा वाजता पाय धुऊन पूर्ण वुजू केले आणि चामडी मोजे घातले. सकाळी दहाला त्यांचे वुजू तुटले. जुहरसाठी सव्वा वाजता त्यांनी पहिला मसह केला. घड्याळ सहापासून सुरू झाले नाही. हनफी व शाफई मतानुसार ते वुजू तुटले त्या क्षणी, म्हणजे दहाला सुरू झाले. सवलत शुक्रवारी सकाळी दहापर्यंत. इमाम नववी (रह.) यांनी पुराव्याच्या दृष्टीने पहिल्या मसहपासून मोजण्याचे मत पसंत केले, त्या हिशेबाने शुक्रवारी सव्वा वाजेपर्यंत.

हेच गृहस्थ गुरुवारी संध्याकाळी पुण्याला निघाले. पुणे येथून दोनशे किलोमीटरहून दूर आहे, म्हणजे कसरच्या सुमारे 77 किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे. शहराची वस्ती ओलांडताच ते मुसाफिर झाले. हनफी मतानुसार आता त्यांची मुदत वाढून रविवारी सकाळी दहापर्यंत गेली, कारण पहिला दिवस-रात्र संपण्यापूर्वी प्रवास सुरू झाला. आपले कोकणी बांधव शाफई आहेत. त्यांच्या मतात पहिला मसह घरी असताना झाला असल्याने मुदत मुकीमाचीच राहील. जालन्याला निघाले असते, तर अंतरच पुरेसे नसल्याने काहीच बदलले नसते. आता समजा, पुण्याचे काम उरकून ते शुक्रवारी रात्री आठला परत आले. आता ते पुन्हा मुकीम झाले, आणि मुकीमाची मुदत तर सकाळी दहालाच उलटली आहे. म्हणून मोजे काढावेच लागतील. वुजू असेल तर हनफी मतानुसार फक्त पाय धुणे पुरे. संपूर्ण वुजू पुन्हा करण्याची गरज नाही. गुस्ल वाजिब झाले तर मात्र मुदत उरली असली तरी मोजे काढणे अटळ आहे.

मसह करण्याची रीत साधी आहे. ताज्या पाण्याने हात ओले करून उजव्या हाताची बोटे उजव्या पायाच्या व डाव्याची डाव्या पायाच्या बोटांवर ठेवावीत आणि नडगीकडे एकदा ओढत न्यावीत. हाताच्या तीन बोटांइतकी जागा ओली होणे हनफींच्या मते फर्ज आहे. तळव्याला हात लावायचा नाही. ह. अली (रजि.) म्हणत की धर्म केवळ तर्काने ठरला असता तर तळवाच मसहला अधिक योग्य होता, पण त्यांनी प्रेषितांना वरच्या बाजूवर मसह करताना पाहिले होते. मोजा घोटा झाकणारा हवा. हनफी मतानुसार एका मोज्यावर पायाच्या तीन लहान बोटांइतकी फाट असेल तर त्यावर मसह होत नाही. हल्ली चेन लावलेले मोजे मिळतात. चेनचे टाके आतून उसवत जातात, म्हणून घालताना एकदा आत बोट फिरवून पाहावे. तयम्मुम करून घातलेल्या मोज्यांवर मसह चालत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

राहिला कापडी मोज्यांचा प्रश्न. ह. मुगीरा (रजि.) यांच्याच एका रिवायतीत चामडी मोज्यांऐवजी ‘जौरब’, म्हणजे लोकर वा कापडाचे मोजे, असा शब्द येतो. इमाम तिर्मिजी यांनी ती स्वीकारली. परंतु अब्दुर्रहमान बिन महदी ती सांगत नसत. कारण मुगीरांच्या इतर साऱ्या प्रसिद्ध रिवायतींत शब्द चामडी मोज्यांचाच आहे आणि हा वेगळा शब्द एकाच मार्गाने येतो. अनेक सहाबांनी जौरबवर मसह केल्याचे इमाम अबू दाऊद यांनी नोंदवले आहे, आणि इमाम अहमद यांनी त्या आचरणाला महत्त्व दिले. हनफींचा युक्तिवाद वर पाहिलेल्या पायरीवर उभा आहे. चामडी मोज्यांना आयतीत अपवाद मिळाला तो विपुल साक्षींमुळे. जौरबकडे तेवढे बळ नाही, म्हणून तो गुणांनी चामड्यासारखा असेल तरच त्याला तो हुकूम लागू होतो. तो जाड असावा, बांधल्याविना पायावर उभा राहावा, त्यातून पाणी झिरपू नये आणि केवळ तो घालून सुमारे तीन मैल चालता यावे, या अटी यातूनच आल्या. इमाम अबू हनीफांनी आधी चामड्याचे आवरण वा तळ आवश्यक धरला होता. अखेरच्या दिवसांत ते जाड मोज्यांना परवानगी देणाऱ्या आपल्या दोन शिष्यांच्या मताकडे वळले, असे सांगितले जाते.

या अटींना ठाम हरकत घेणारे एक नाव आपल्याच शहराचे आहे. 25 सप्टेंबर 1903 रोजी येथे जन्मलेले मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी यांनी, या अटींचा उगम आपल्याला सुन्नतमध्ये आढळला नाही आणि सवलत सोयीसाठीच आहे, असे मत मांडून सर्वसाधारण मोज्यांवरही मसह जायज ठरवला. देवबंदी व बरेलवी उलमांनी ते मान्य केले नाही. हा वाद गटांच्या सीमेवर नेमका बसत नाही. अहले हदीसचे मौलाना अब्दुर्रहमान मुबारकपुरी यांनीही जौरबच्या हदीसवर टीका करून जाड मोज्यांपुरतीच परवानगी मानली. माझा कल अटी पाळण्याकडे आहे, कारण पातळ मोज्यातून पाणी त्वचेपर्यंत जाते आणि मग पाय ना धुतला जातो ना झाकलेला राहतो. परंतु मौलानांचा मुद्दा निव्वळ आळसाची पळवाट म्हणून झटकण्याजोगा नाही.

ज्यांच्या घरात ही दोन्ही मते नांदतात, त्यांनी सुती मोजे आत घालून वरून चामडी मोजे चढवावेत. वुजूच्या स्थितीत दोन्ही घातलेले असले तर वरच्या चामड्यावरचा मसह दोन्ही पक्षांच्या हिशेबात बसतो, आणि पहाटेच्या गारठ्यात पायही अधिक उबदार राहतो.